सागवानी सोफ्याला कुशन कोणत्या रंगाची? घड्याळावरून रंगसंगती

मी नाशिकला घरोघरी पडदे आणि कुशन शिवून देते. नव्या घरी माप घ्यायला गेले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, आमच्या हॉलला कोणता रंग शोभेल?" आणि त्याच्या मागोमाग मोबाइलवरचा कुणाच्या तरी हॉलचा फोटो. फोटोतल्या हॉलमध्ये राखाडी सोफा असतो, समोरच्या हॉलमध्ये सागवानी. फोटोतली गुलाबी कुशन राखाडीवर खुलतात, सागवानावर ती खपलीसारखी दिसतात. दोष गुलाबीचा नसतो. तो रंग ज्याच्या शेजारी बसायला हवा होता, ती वस्तूच त्या घरात नसते.

म्हणून रंग निवडायची सुरुवात कापडापासून करू नका. आधीच घरात असलेल्या आणि बदलता न येणाऱ्या सर्वांत मोठ्या वस्तूपासून करा. ती वस्तू रंगचक्रावर कुठे बसते हे कळलं, की उरलेले दोन रंग मोजून काढता येतात. त्यासाठी चित्रकलेची गरज नाही, घड्याळ वाचता आलं की झालं.

घड्याळ मांडणं

चित्रकलेच्या वर्गात शिकवतात त्या रंगचक्रात 12 घरं असतात. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत 1919 ते 1923 या काळात शिकवणाऱ्या योहानेस इटेन या स्विस चित्रकाराने आखलेलं चक्र त्यातलं सर्वांत परिचित. त्याच्या चक्रात पिवळा सगळ्यात वर असतो. मी तेच चक्र घड्याळासारखं वाचते, आणि प्रत्येक घराला आपल्याकडचं नाव देते, कारण दुकानात तीच नावं चालतात.

12 वाजता पिवळा, लिंबाच्या सालीचा. 1 वाजता हळदी, ज्यात पितळही आलं. 2 ला नारिंगी. 3 ला विटकरी, गेरू आणि तांबं. 4 ला कुंकवाचा लाल. 5 ला राणी. 6 ला जांभळा. 7 ला गोकर्णाच्या फुलाचा जांभळट निळा. 8 ला निळा. 9 ला मोरपंखी. 10 ला हिरवा. 11 ला पोपटी, आणि पुन्हा पिवळा.

एका वहीच्या पानावर गोल काढून ही नावं लिहा आणि फ्रिजवर लावा. समोरासमोरचे रंग, म्हणजे 6 घरांच्या अंतरावरचे, एकमेकांचे पूरक: लाल-हिरवा, नारिंगी-निळा, पिवळा-जांभळा. हे शेजारी ठेवले की दोन्ही जास्तीत जास्त झळकतात. दोन्ही भडक असतील तर त्यांच्या मधली कड डोळ्यांना थरथरल्यासारखी वाटते. दिवाळीच्या रांगोळीत हे छान दिसतं. ज्या खोलीत रोज चार तास बसायचं तिथे डोळे थकतात.

ती थरथर टाळून उठाव मात्र ठेवायचा, यासाठी पूरक रंगाच्या घरात न जाता त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांकडे जायचं. याला विभाजित पूरक किंवा स्प्लिट कॉम्प्लिमेंटरी संगती म्हणतात. मोजायची रीत अशी: तुमच्या रंगाच्या आकड्यात एकदा 5 मिळवा, एकदा 7 मिळवा, आणि बेरीज 12 च्या पुढे गेली तर 12 वजा करा. दुसरी संगती त्रिकोणी, म्हणजे ट्रायडिक. तिथे 4 आणि 8 मिळवायचे. चक्रात समान अंतरावरचे तीन रंग येतात, म्हणून 12 घरांमध्ये असे त्रिकोण फक्त चार होतात.

सोफा कितीवर बसतो?

इथे बहुतेक जण अडतात, कारण चक्रात तपकिरी दिसतच नाही. तपकिरी हा वेगळा रंग नाही, तो काळवंडलेला नारिंगी आहे. सागवानाचं पॉलिश, तपकिरी रेक्झिन, अक्रोडी लॅमिनेट हे सगळे बहुतेक वेळा 2 च्या आसपास बसतात. लालसर पॉलिश असेल तर 3 कडे सरकतात, पिवळट असेल तर 1 कडे.

खात्री करायची असेल तर एक पांढरा कागद घ्या, मधोमध रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडा आणि दिवसा खिडकीच्या उजेडात तो सोफ्यावर ठेवून भोकातून दिसणारा तुकडा बघा. आजूबाजूचं सगळं झाकलं गेल्यामुळे रंग कुठे झुकतो हे कळतं. पांढऱ्या भिंतीलाही हाच कागद लावा. जिला आपण "ऑफ व्हाइट" म्हणतो ती भिंत कोऱ्या कागदाशेजारी साफ पिवळट दिसते. क्रीम भिंत आणि क्रीम फरशी 1 कडे झुकलेली असते, राखाडी भिंत बहुधा 8 कडे. हे रंग इतके फिके असतात की त्यांना आधार मानायचं नाही, पण त्यांचा कल लक्षात ठेवायचा.

एक हॉल, मापासकट

इंदिरानगरमधल्या एका घराचं काम सांगते. हॉल 11 बाय 15 फूट, क्रीम भिंती, क्रीम फरशी, तीन आसनी सागवानी सोफा आणि दोन खुर्च्या, बसायच्या गाद्या बिस्किटी रंगाच्या. वहिनींना आकाशी निळा हवा होता. काका म्हणाले, "लाकडाला निळा कसा चालेल, लाल घ्या."

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. लाकूड 2 वर, समोर 8, म्हणजे निळा हा पूरकच. लाल 4 वर, म्हणजे लाकडाच्या दोनच घरं पलीकडे, तो लाकडाशी जुळला असता पण खोलीत काही उठावच राहिला नसता: लाकूड, बिस्किटी, क्रीम, लाल, सगळे उबदार. आणि निळा एकटा घेतला असता तर ठसठशीत पण एकसुरी दिसला असता. आम्ही 2 मध्ये 5 मिळवले, 7 आले, म्हणजे गोकर्णी. 2 मध्ये 7 मिळवले, 9 आले, म्हणजे मोरपंखी. हे दोघे एकमेकांपासून दोनच घरं दूर, म्हणून चुलत भावंडांसारखे शेजारी बसतात, आणि लाकडासमोर दोघे मिळून थंड बाजू सांभाळतात. विभाजित पूरक संगतीचा खरा गुण हाच आहे. एका बाजूला एक उबदार, दुसऱ्या बाजूला दोन थंड, आणि त्या दोघांत इतकाच फरक की नजर एकावर अडकून राहत नाही.

आता किती? कापड कापण्याआधी मी चौरस फूट मोजते, कारण चूक रंगात कमी होते आणि क्षेत्रफळात जास्त. 16 इंची कुशनचा समोरचा भाग पावणेदोन चौरस फुटांच्या जरा वर असतो. पाच कुशन म्हणजे जेमतेम 9 चौरस फूट रंग. दुप्पट चुण्यांचा, 7 फूट उंचीचा पडदा 2 फूट रुंदीच्या जागेत सोडला की 14 चौरस फूट रंग दिसतो. म्हणजे एक पडदा आठ कुशनइतका! घरी आणल्यावर "पडदे फार अंगावर येतात" असं वाटतं, त्याचं कारण दुकानात हातात धरलेल्या नमुन्यावर हा आठपट हिशेब दिसत नाही.

म्हणून नियम असा ठेवला की जितकं क्षेत्रफळ मोठं तितका रंग दबलेला. पडदे घेतले धुरकट मोरपंखी, इतके दबलेले की दुकानात त्याला कुणी राखाडीही म्हटलं असतं. सोफ्यावर पाच कुशन, त्यातली तीन गडद मोरपंखी आणि दोन गोकर्णी. दोन्ही खुर्च्या मोकळ्या सोडल्या. भिंतीवर एक लहान चित्र, ज्यात गोकर्णी पुन्हा एकदा दिसतो. रंग एकाच जागी दिसला की तो चुकून आल्यासारखा वाटतो, खोलीच्या दुसऱ्या टोकाला तो पुन्हा दिसला की ठरवून आणलेला वाटतो.

कापडाचा हिशेबही सांगते. लिफाफ्यासारखं पाठीमागून उघडणारं 16 इंची कव्हर करायचं तर समोरचा तुकडा 17 बाय 17 इंच आणि पाठीमागचे दोन तुकडे 17 बाय 11 इंच. हे तिन्ही 44 इंची पन्ह्यात एकाच 17 इंची पट्टीत मावतात. दुमड धरून मागे 3 इंच कापड एकावर एक येतं, म्हणजे चेनची गरज पडत नाही. तीन कव्हरांना 51 इंच लागतं, दीड मीटर घ्या. दोन कव्हरांना 34 इंच, एक मीटर पुरतं. सुती कापड कापण्याआधी एकदा धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर कव्हर उशीला घट्ट बसेल.

काकांना उबदार रंग हवा होता तोही सुटला नाही. लाकूडच खोलीतला सर्वांत उबदार रंग होतं. मोरपंखी मागे आल्यावर तेच सागवान, जे आधी क्रीममध्ये विरलेलं होतं, तांबूस दिसायला लागलं.

सोफा निळा असेल तर हाच हिशेब उलट बाजूने लागतो. 8 आणि 5 मिळून 13, म्हणजे 1, हळदी. 8 आणि 7 मिळून 15, म्हणजे 3, विटकरी. आता भांडी बाजारात चक्कर मारा: पितळ 1 वर, तांबं 3 वर. आजीचा तांब्याचा हंडा आणि एखादी पितळी समई निळ्या सोफ्याजवळ ठेवली की विभाजित पूरक संगती कापडाचा एक तुकडाही न घेता तयार होते. नाशिकच्या कितीतरी घरांत ही भांडी माळ्यावर पडून असतात, म्हणून हे मी आवर्जून सांगते.

त्रिकोण, आणि येवल्याची पैठणी

त्रिकोणी संगती अवघड आहे. विभाजित पूरकमध्ये दोन रंग आपोआप एका बाजूला असतात, त्यामुळे फार चूक होत नाही. त्रिकोणात तिघेही एकमेकांपासून सारखेच लांब, कुणीच कुणाचं ऐकत नाही. तिघांना सारखी जागा आणि सारखा भडकपणा दिला तर हॉल बालवाडीचा वर्ग वाटू लागतो, विशेषतः 12-4-8 म्हणजे पिवळा-लाल-निळा या त्रिकोणात.

हे कसं सांभाळायचं ते बघायचं असेल तर मोरपंखी पैठणी उघडा, जिला राणी काठ आणि सोनेरी जर आहे. मोरपंखी 9, राणी 5, जरीचा सोनेरी 1. बरोबर त्रिकोण! आपल्या जिल्ह्यातल्या येवल्याच्या मागांवर विणल्या जाणाऱ्या या साडीत तिन्ही रंग पूर्ण तेजाने येतात आणि तरी भांडत नाहीत, याचं कारण त्यांचं माप आहे. अंगभर मोरपंखी, काठाला राणी, आणि सोनेरी बारीक जरीतून. शिवाय सोनेरी हा रंग असला तरी प्रकाशावर चमकतो आणि सावलीत मिटतो, त्यामुळे तो सतत ओरडत नाही.

हॉलमध्ये हेच माप उतरवायचं. मोरपंखी गालिचा 5 बाय 7 फूट, म्हणजे 35 चौरस फूट, पण टीपॉय आणि सोफ्याचे पाय यांखालून उघडा दिसतो तो साधारण 20. त्यावर राणी रंगाची फक्त दोन कुशन, साडेतीन चौरस फूट. आणि पितळेचा एक दिवा किंवा सोनेरी चौकटीतला आरसा, मिळून दीडेक चौरस फूट. पडदे आणि भिंती यात भाग घेत नाहीत, त्या क्रीमच राहतात. ज्यांना राणी फार तेज वाटतो त्यांनी त्याच घरातला वाईनसारखा गडद छटेचा रंग घ्यावा. आकडा तोच राहतो, आवाज कमी होतो.

पिवळा-लाल-निळा हा त्रिकोणही मोठ्यांच्या खोलीत चालतो, पण प्रत्येकाला दबवूनच: पिवळ्याऐवजी साय घातलेला लिंबोणी, लालऐवजी मरून, निळ्याऐवजी जीनचा निळा. 2-6-10 म्हणजे नारिंगी-जांभळा-हिरवा मी हॉलसाठी सहसा सुचवत नाही, अपवाद एकच. खूप कुंड्या आणि लाकडी फर्निचर असेल तर 10 आणि 2 आधीच हजर असतात आणि एकच गडद जांभळं कुशन तो त्रिकोण पुरा करतं. झाडं रंगांत धरायची की नाही, असं पुष्कळ जण विचारतात. कोपऱ्यात एखादी कुंडी असेल तर सोडून द्या, बाल्कनीच्या काचेतून भिंतभर हिरवं दिसत असेल तर धराच.

उजेडाने फसवू नये म्हणून

आता सर्वांत महाग पडणारी चूक. दुकानातल्या पांढऱ्या उजेडात घेतलेला गोकर्णी रंग रात्री घरी काळपट दिसतो. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. 2700 किंवा 3000 लिहिलेला दिवा पिवळसर, 6500 लिहिलेला निळसर पांढरा. पिवळसर दिव्यात निळा प्रकाश कमी असतो, त्यामुळे निळ्या कापडाला परत पाठवायला निळं काही मिळतच नाही आणि ते मळकं दिसतं. मोरपंखी त्याच दिव्यात हिरव्याकडे झुकतो. हळदी आणि विटकरी मात्र उजळतात. म्हणजे चक्रावर बरोबर मोजलेली संगती दिवसा 2-7-9 असेल आणि रात्री तिच्यातला 7 गायब होईल.

इंदिरानगरच्या त्या घरी हेच झालं असतं. हॉलमध्ये 3000 चे दिवे होते. मी आधी दोन छटांचे पाव-पाव मीटर तुकडे घ्यायला लावले आणि ते सोफ्यावर टाचून ठेवले: सकाळी खिडकीत, दुपारी, आणि रात्री दिवे लावून. रात्री गडद गोकर्णी काळा पडला. म्हणून त्याच रंगाची दोन पायऱ्या फिकी छटा घेतली, जी दिवसा जरा जास्तच उजळ वाटत होती पण रात्री गोकर्णीच राहिली. संध्याकाळी ज्या हॉलमध्ये बैठक भरते तिथे रात्रीच्या उजेडाला झुकतं माप द्या.

तुकडे टाचल्यावर मोबाइलवर एक फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून बघा. सोफा आणि दोन्ही तुकडे एकाच राखाडीचे दिसले तर संगतीत फिकं-गडद काहीच नाही, सगळा भार रंगावर आहे. अशी खोली भडकही वाटते आणि सपाटही. तिघांत एक गडद, एक मधला, एक फिका दिसेल असे तुकडे बदला आणि पुन्हा फोटो काढा.

मोबाइलवरच्या रंगचक्राबद्दलही एक गोष्ट. मोबाइलच्या स्क्रीनवरची रंग निवडायची बरीच चक्रं प्रकाशाची असतात, रंगद्रव्याची नसतात. तिथे निळ्याच्या समोर पिवळा येतो आणि लालच्या समोर आकाशी. ते चूक नाही, प्रकाश तसाच मिसळतो, पण वर दिलेले आकडे त्यावर लागू करू नका. एक चक्र धरा आणि शेवटपर्यंत त्यावरच मोजा.

पश्चिमेची खिडकी असेल तर गडद मोरपंखी आणि राणी रंगाचं सुती कापड तिथल्या पडद्याला वापरू नका. दुपारच्या उन्हात या छटा विटतात, आणि मग पडदा फिका व कुशन गडद राहून जुळवलेली जोडी सुटते. तिथे अस्तर लावा किंवा पडदा क्रीम ठेवून रंग कुशनला द्या, कारण कुशन उचलून आत ठेवता येतं.

दुकानात जाताना सोबत तीन गोष्टी न्या: गादीच्या कापडाचा आतल्या शिवणीतून काढलेला छोटा तुकडा, लाकडाच्या पॉलिशशी जुळणारा एखादा लहान तुकडा किंवा लॅमिनेटचा नमुना, आणि तो भोक पाडलेला पांढरा कागद. मेन रोडवरच्या दुकानांत ताका उघडल्यावर दारापाशी, दिवसाच्या उजेडात नेऊन दाखवा म्हटलं तर दाखवतात. कागदाच्या भोकातून आधी लाकूड बघा, मग कापड. आकडा जुळला तर पाव मीटर घ्या, पूर्ण कापड दुसऱ्या दिवशी.